‘नाही’चा जपानीत छापील फॉर्म मिळतो

पुण्यात जपानी क्लायंटचं काम करणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीत तुम्ही जॉइन झालात की पहिल्या महिन्यात एक ट्रेनिंग होतं. व्हिजिटिंग कार्ड दोन हातांनी द्या, मीटिंगला पाच मिनिटं आधी या, कमरेत इतकं वाका. आणि मग एक स्लाइड येते: ‘जपानी लोक कधी नाही म्हणत नाहीत. तुम्हीही म्हणू नका.’ सगळे ते लिहून घेतात. पुढची सहा-सात वर्षं ते वाक्य घेऊन काम करतात, त्यांच्यातले काही जण मॅनेजर होतात आणि मग तीच स्लाइड नव्या पोरांना दाखवतात.

माझं भांडण या स्लाइडशी आहे. तिचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा अर्धा घातक.

आधी पहिला अर्धा घेऊ. जपानमधल्या नगरपालिका आणि सरकारी खाती टेंडर काढतात. टेंडरमध्ये भाग घ्यायचं कळवल्यावर एखाद्या कंपनीला माघार घ्यायची असेल, तर तिच्यासाठी एक कागद असतो. त्याचं नाव ‘न्यूसात्सु जिताई तोदोके’, म्हणजे निविदेतून नम्रपणे माघार घेत असल्याची सूचना. अनेक नगरपालिकांच्या वेबसाइटवर तो डाउनलोड करता येतो. तारीख टाका, कामाचं नाव टाका, कंपनीचा शिक्का मारा, द्या. ज्या देशात ‘नाही’चा छापील फॉर्म मिळतो, त्या देशात कुणी नाही म्हणत नाही असं आपण वर्षानुवर्षं एकमेकांना शिकवतोय.

नोकरीचंच बघा. जपानमध्ये कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलं डझनभर कंपन्यांना अर्ज करतात आणि बहुतेक ठिकाणांहून नकार येतो. त्या नकाराच्या मेलमध्ये ‘तुम्हाला नाकारलं’ असं लिहिलेलं नसतं. ‘या वेळी योग जुळून आला नाही’ अशा अर्थाचं काहीतरी असतं आणि शेवटी ‘आपल्या पुढील यशासाठी आम्ही प्रार्थना करतो’. मुलांनी या मेलचं नाव ठेवलंय ‘ओइनोरी मेल’, प्रार्थनेचा मेल. ‘त्या कंपनीने माझ्यासाठी प्रार्थना केली’ असं एखादा मित्र म्हणाला की त्याचा पत्ता कट झाला हे सगळ्यांना कळतं. ‘बहुतेक ते अजून विचार करतायत’ असं कुणीही म्हणत नाही. नकार आडून आलाय, पण त्यात गोंधळ शून्य आहे.

आपल्याला हे नवीन आहे का? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमानंतर मुलाकडचे ‘कळवतो’ म्हणून गेले आणि आठ दिवस फोन आला नाही, तर मुलीकडचे हॉल बुक करायला जात नाहीत. ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप आला की गुरुजींकडे जाऊन पत्रिका पुन्हा तपासून आणा असं कुणी म्हणत नाही. ‘योग नव्हता’ म्हणतात, आणि विषय संपतो. दोन्ही घरांना ठाऊक असतं की यात ग्रहांचा काही संबंध नव्हता. ग्रहांवर ढकलल्यामुळे मुलगी नाकारली गेली असं कुणाला म्हणावं लागलं नाही, एवढंच. (ही पद्धत चांगली की वाईट हा वेगळा लेख होईल. माझ्या मावशीने तो लिहायला हवा, तिच्याकडे भरपूर मटेरियल आहे.)

म्हणजे आडून दिलेला नकार हा अस्पष्ट नकार नसतो. तो एक कोड असतो. दोन्ही बाजूंना तो वाचता आला तर तो ‘नाही’ इतकाच नेमका असतो. केइको उएदा यांचा 1974 सालचा एक लेख या विषयात नेहमी सांगितला जातो, जपानमध्ये ‘नाही’ म्हणणं टाळायच्या सोळा पद्धतींवरचा. ट्रेनिंगवाल्यांनी त्यातून ‘टाळणं’ तेवढं उचललं. सोळा पद्धती आहेत याचा अर्थ ऐकणाऱ्यालाही त्या सोळा ओळखता येतात, हे राहूनच गेलं.

आता दुसरा अर्धा भाग, ‘तुम्हीही म्हणू नका’. हा घातक का, तर आपल्याला तो कोड येत नाही. आपण त्यातले फक्त गोड आवाज उचलतो. नकाराचा प्रसंग आला की आपला मॅनेजर मीटिंगमध्ये ‘केन्तो शिमास’ म्हणतो, म्हणजे ‘विचार करतो’. कुणी त्याहून उत्साही असेल तर ‘माएमुकी नि केन्तो शिमास’, सकारात्मक विचार करतो. त्याला वाटतं, आपण जपानी पद्धतीने नाही म्हटलं. समोरच्याने ऐकलेलं असतं, हे लोक विचार करून उत्तर देणार आहेत.

हा फरक कशामुळे पडतो? शब्द तेच आहेत, पण म्हणणारा वेगळा आहे. विकत घेणारा जेव्हा विक्रेत्याला ‘केन्तो शिमास’ म्हणतो आणि तारीख देत नाही, तेव्हा तो बऱ्याचदा नकार असतो, कारण पुढचं पाऊल त्याने टाकायचं असतं आणि तो टाकणार नाही. पण लेखी प्रस्ताव घेऊन तुमच्याकडे आलेल्या भागीदाराला तुम्ही तेच म्हणालात, तर उत्तर देण्याचं कर्ज तुमच्यावर चढतं. त्यातून तुम्ही परदेशी. तुमच्याकडून तो आडवळणाची अपेक्षाच करत नाही, तुमचे शब्द जसेच्या तसे घेतो. ‘हिंदुस्थानी लोक सरळ बोलतात’ अशी स्लाइड त्याच्याही ट्रेनिंगमध्ये असणार, याबद्दल मला शंका नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण बरंच वरच्या पातळीवरचं आहे. नोव्हेंबर 1969मध्ये जपानचे पंतप्रधान एइसाकु सातो वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटले. ओकिनावा परत मिळवायचं होतं, आणि निक्सन यांना हवं होतं की जपानने अमेरिकेत येणारं कापड आवरावं. सांगितलं असं जातं की कापडाच्या विषयावर सातो ‘झेन्शो शिमास’ म्हणाले. शब्दशः अर्थ ‘योग्य ते करू’. जपानी राजकारणात याचा अर्थ बहुधा ‘काही होणार नाही’. निक्सन यांच्या कानावर आलं की हे शक्य ते सगळं करणार आहेत. सातो नेमकं काय म्हणाले यावर वाद आहे, पण पुढे झालं ते नोंदलेलं आहे: काही घडलं नाही, निक्सन यांना फसवल्यासारखं वाटलं, आणि कापडाचं भांडण ऑक्टोबर 1971मध्ये करार होईपर्यंत चिघळत राहिलं. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगतात तेव्हा बोध काढतात की जपानी लोक अवघड असतात. माझ्या मते बोध असा आहे की आपल्या घरातला कोड परक्या माणसावर वापरला तर तो खोटं बोलल्यासारखा ऐकू जातो. आपले मॅनेजर तर याच्याही पुढे जातात. ते दुसऱ्याच्या घरातला कोड अर्धवट शिकून त्याच घरमालकावर वापरतात.

आणि त्याची किंमत कोण भरतं ते मी बघितलंय. माझ्या पहिल्या नोकरीत आमच्या टीमला एक काम घ्यायचं नव्हतं. जुन्या बिलिंग सिस्टिमचं मायग्रेशन होतं, माणसं नव्हती, हे सगळ्यांना मान्य होतं. वरिष्ठांनी ‘सकारात्मक विचार करतोय’ असं कळवलं. तीन आठवडे गेले. आठवण करणारे दोन मेल आले. मग आमच्याकडे सर्रास वापरतात ती युक्ती वापरली गेली: किंमत दुप्पट सांग, आपोआप जातील.

ते गेले नाहीत. आमचा दुप्पट आकडासुद्धा तिकडच्या स्थानिक कंपनीच्या दरापेक्षा कमी होता. त्यात तीन आठवड्यांत त्यांच्या आत आमच्या नावावर मंजुरीचा कागद फिरलेला होता. त्यांनी होकार कळवला. ज्यांनी आकडा दुप्पट केला ते एसी केबिनमध्ये होते आणि चार महिने शनिवारी ऑफिसला येणारे आम्ही पाच जण होतो. त्यातल्या एकीच्या साखरपुड्याच्या दिवशी रिलीज होतं. नकार न दिल्याने कुणाची तरी मर्जी राखली जाते असं ज्यांना वाटतं, त्यांना माझी विनंती आहे की कुणाची ते एकदा मोजा.

मंजुरीच्या कागदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळ्या प्रकरणाची कळ तिथे आहे. जपानी कंपनीत निर्णय वरून खाली येण्याआधी खालून वर जातो. ज्याच्याकडे विषय आहे तो कर्मचारी, त्याला ‘तान्तोशा’ म्हणतात, एक प्रस्ताव लिहितो. हे काम अमुक कंपनीला द्यावं, कारण असं असं, खर्च इतका. याला ‘रिंगी’ म्हणतात. तो कागद सेक्शनच्या प्रमुखाकडे, मग विभागप्रमुखाकडे, कधी हिशेब आणि कायदा विभागाकडे जातो, आणि प्रत्येक जण त्यावर आपला शिक्का मारतो. आता बऱ्याच ठिकाणी हे सॉफ्टवेअरमध्ये होतं, पण क्रम तोच. तुमच्या कंपनीचं नाव त्या कागदावर आलं की तान्तोशाने तुमच्याबद्दल चार-पाच वरिष्ठांपुढे शब्द टाकलेला असतो. त्यानंतर आलेला तुमचा ‘नाही’, कितीही गोड असला तरी, त्या एका माणसाला तोंडघशी पाडतो. त्याला प्रत्येक शिक्क्याकडे उलट जाऊन खुलासा करावा लागतो.

म्हणून जपानी भागीदाराला नकार देताना पहिला प्रश्न ‘कुठल्या शब्दांत’ हा नाही, ‘रिंगी निघाली का’ हा आहे. लवकर दिलेला रुक्ष नकार उशिरा दिलेल्या मखमली नकारापेक्षा जास्त सभ्य असतो. आपली ट्रेनिंगं नेमकं उलटं शिकवतात. मखमलीवर सगळा वेळ, आणि उशीर म्हणजे जणू आदर.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ‘सरळ नाही सांगायचं, प्रोफेशनल राहायचं, त्यांना वाईट वाटलं तर तो त्यांचा प्रॉब्लेम.’ माझ्या वयाच्या इंजिनिअरांमध्ये हे लोकप्रिय आहे आणि स्पष्टतेच्या मुद्द्यावर ते बरोबरही आहेत. त्यांची गल्लत जागेची होते. पाच जणांच्या व्हिडिओ कॉलमध्ये, तान्तोशाचा बॉस कॅमेऱ्यात असताना, ‘आम्ही हे करू शकत नाही’ म्हटलं तर बॉसला ती बातमी त्या क्षणी कळते आणि तान्तोशाला ती आधी माहीत नव्हती हेही कळतं. आपल्याकडे याला प्रामाणिकपणा म्हणतात. तिकडे याचा अर्थ, या माणसाला आपलं काम नीट करता येत नाही. तेच वाक्य आदल्या दिवशी त्याला एकट्याला फोनवर सांगितलं असतं तर त्याने स्वतः बॉसला जाऊन सांगितलं असतं, स्वतःच्या शब्दांत, आणि कॉलमध्ये सगळ्यांनी शांतपणे माना डोलावल्या असत्या. या आधीच्या बोलण्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द बागकामातला आहे. झाड दुसरीकडे लावायचं असेल तर हलवण्याच्या बऱ्याच आधी मुळांभोवती खणून ती हळूहळू तयार करतात, तसं.

नीट दिलेला नकार कसा दिसतो ते एका प्रकरणावरून सांगतो. मी आता ज्या कंपनीत आहे ती लहान आहे, चाळीस-एक माणसं. नागोयाच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीसाठी आम्ही चार वर्षं टेस्टिंगचं काम करतो. मला एन-टू लेव्हलचं जपानी येतं, म्हणून कोडिंगशिवाय मधल्या माणसाचं कामही माझ्याकडे असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्यांच्याकडून लेखी प्रस्ताव आला. त्यांच्या एका ग्राहकाची गोदामाची सिस्टिम आहे, व्हीबी सिक्समध्ये लिहिलेली, तिची देखभाल 1 एप्रिलपासून वर्षभर आम्ही घ्यावी. 1 एप्रिलला त्यांचं आर्थिक वर्ष सुरू होतं, आपल्यासारखंच. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं होतं.

आमची अडचण व्हीबी सिक्स ही नव्हती. अडचण कराराच्या प्रकाराची होती. जपानमध्ये सॉफ्टवेअरचं काम मुख्यतः दोन प्रकारच्या करारांवर चालतं. ‘जुन-इनिन’मध्ये तुम्ही ठरलेला वेळ, ठरलेल्या दर्जाने काम करायचं कबूल करता. ‘उकेओई’मध्ये तुम्ही पूर्ण झालेली वस्तू द्यायचं कबूल करता, आणि ती कराराबरहुकूम नसेल तर दुरुस्ती तुमच्या खर्चाने. एप्रिल 2020मध्ये लागू झालेल्या सुधारित नागरी कायद्यात, खोट लक्षात आल्यापासून वर्षाच्या आत ग्राहकाने कळवलं की ही जबाबदारी उभी राहते, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. आमचं टेस्टिंग जुन-इनिनवर होतं. नवा प्रस्ताव उकेओईवर होता, आणि त्या सिस्टिमचं स्पेसिफिकेशन हरवलेलं होतं. कराराबरहुकूम नाही म्हणजे कशाबरहुकूम नाही, हे सांगणारा कागदच अस्तित्वात नव्हता. आमच्या टीम लीडने कोड उघडून दोन दिवस वाचला आणि म्हणाली, “हे घेतलं तर आयुष्यभर फुकट दुरुस्त्या करत बसू.”

पहिलं पाऊल घरातलं. खरंच नाही आहे की ‘या अटींवर नाही’ आहे, हे आधी ठरवावं लागतं, कारण दोन्हींची भाषा वेगळी असते. अटी बदलल्यावर आम्ही काम घेतलं असतं, तर तो नकार नव्हता, तो ‘दाइआन’ होता, म्हणजे पर्यायी प्रस्ताव. आम्ही जुन-इनिनवरही विचार करून बघितला. ती भाषा येणारी माणसं आमच्याकडे दोनच होती आणि दोघंही टेस्टिंगमध्ये अडकलेली. म्हणून पूर्ण नकार ठरला, आणि पर्याय द्यायचा नाही हेही ठरलं. नकार गोड करण्यासाठी देता न येणारा पर्याय टेबलावर ठेवणं ही आपली आवडती खोड आहे, आणि समोरचा तो पर्याय उचलतो तेव्हा आपली तारांबळ उडते.

दुसरं, कारण निवडणं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कारण खरं हवं, एकच हवं, आणि समोरच्याला ते सोडवता येणार नाही असं हवं. ‘सध्या माणसं कमी आहेत’ म्हटलं की तो म्हणणार, मग जूनपासून चालेल का? ‘बजेट बसत नाही’ म्हटलं की वाटाघाट सुरू. ‘आमची कुवत नाही’ हे नम्र वाटतं, आणि जपानीत ‘चिकारा बुसोकु’ असा शब्दही त्यासाठी आहे, पण ज्याच्याकडे तुमचं टेस्टिंगचं काम चालू आहे त्याला स्वतःहून असं लिहून देऊ नये. आम्ही कारण ठेवलं: आमच्या कंपनीच्या रचनेत स्पेसिफिकेशन नसलेल्या सिस्टिमची उकेओई जबाबदारी घेता येत नाही. दोष त्यांच्या प्रस्तावावर नाही, आमच्या माणसांवरही नाही, रचनेवर. पत्रिकाच म्हणा ना. फक्त ही पत्रिका खरी होती.

तिसरं, फोन. प्रस्ताव आल्यापासून सहाव्या दिवशी मी तान्तोशाला फोन केला, एकट्याला. जपानीत अशा बोलण्याआधी उशीसारखे शब्द लावतात, आणि त्यांना ‘कुश्शन कोतोबा’ असंच म्हणतात. ‘मुद्दाम आमच्याकडे आणलंत, त्याबद्दल आभार, पण’ अशा प्रकारचे. दोन उशा पुरतात. आठ लावल्या तर आत काय आहे ते सापडत नाही. मग मी म्हणालो की आत चर्चा झाली, आणि खरं सांगायचं तर परिस्थिती कठीण आहे.

‘कठीण’ म्हणजे ‘मुझुकाशी’. हा शब्द जपानी माणसाच्या तोंडून आला तर तो जवळपास नेहमी नकार असतो, आणि आपण तो आव्हान म्हणून ऐकतो. ‘कठीण आहे ना? काळजी नको सर, आम्ही रात्रंदिवस करू!’ असं उत्तर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. उलट दिशेने जाताना मात्र एकट्या ‘मुझुकाशी’वर विसंबू नये, कारण हिंदुस्थानी माणसाच्या ‘कठीण आहे’नंतर ‘पण करतो’ येतं याची त्यांना आता सवय झालीय. म्हणून मी त्यापुढे गप्प राहिलो. हे गप्प राहणं शिकायला मला दोन वर्षं लागली. तिकडून दातांमधून श्वास आत ओढल्याचा आवाज आला, मग ‘सोऽ देस ने’, आणि मग त्यांनी विचारलं, “म्हणजे या वेळी शक्य नाही, असंच ना?”

हा प्रश्न म्हणजे त्यांनी उघडून दिलेलं दार असतं. इथे ‘तसं नाही, बघतो अजून’ म्हणालात की सगळं वाया. मी म्हणालो, “हो. मनापासून माफी मागतो.” नकार हा एवढाच, दोन सेकंदांचा. त्यांनी पुढे विचारलं की ऑक्टोबरपासूनच्या सहामाहीत जमेल का. ही कारणाची परीक्षा होती. मी सांगितलं की ऑक्टोबरमध्येही आमची रचना हीच असेल. ते म्हणाले, लवकर सांगितलंत ते बरं झालं, पुढच्या आठवड्यात रिंगी निघणार होती. बरं वाटलं म्हणून म्हणाले की खरंच, ते मला माहीत नाही. पण आठवडा खरा होता.

चौथं, मेल. फोनवरच मी विचारलं की लेखी कळवताना सीसीमध्ये कुणाला ठेवू. त्यांनी सांगितलं, आज फक्त मला पाठवा, मी साहेबांशी बोलून घेतो. मेल त्याच संध्याकाळी गेला. सब्जेक्टमध्ये प्रस्तावाचं नाव आणि पुढे ‘उत्तर’. ‘महत्त्वाचे’ वगैरे काही नाही. आत प्रस्तावाबद्दल आभार, एका वाक्यात कारण, आणि मग मुख्य वाक्य: ‘कोन्काई वा मिओकुरासेते इतादाकिमास.’ मिओकुरु म्हणजे निरोप देणं, जाताना बघत उभं राहणं, स्टेशनवर गाडी सुटते तसं. या वेळची गाडी आम्ही सोडतो. मराठीत भाषांतर केलं तर हळवं वाटतं, पण व्यवहारात हे वाक्य दगडासारखं पक्कं आहे, कुठलाही जपानी कर्मचारी ते ‘नाही’शिवाय दुसरं काही म्हणून वाचणार नाही. यातलं ‘कोन्काई’, म्हणजे ‘या वेळी’, पुढची दारं उघडी ठेवतं. पुढे कधीच काम करायचं नसेल तर ते घालू नका. आम्हाला दार उघडं हवं होतं, म्हणून घातलं. ‘तरीही काही मार्ग निघतो का बघू’ अशी शेपटी जोडायची आमच्या सरांना फार इच्छा होती. टीम लीडने ती त्यांच्यासमोर खोडली आणि त्यांनी खोडू दिली, हे त्यांचं मोठेपण.

उरलेलं झटपट झालं. महिन्याच्या नेहमीच्या कॉलमध्ये आमच्या सरांनी त्यांच्या विभागप्रमुखांना, बरोबरीच्या हुद्द्याचा माणूस म्हणून, दोन वाक्यांत खेद कळवला. कुणी कारण विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती, ते सगळं आधी झालं होतं.

हे सगळं जपानपुरतं, तेही जुन्या वळणाच्या कंपन्यांपुरतं आहे. टोकियोतल्या तरुण स्टार्टअपमध्ये लोक चॅटवर एका ओळीत नाही म्हणतात आणि वर इमोजी टाकतात. परदेशात काही वर्षं राहिलेला तान्तोशा फोनवरच हसून म्हणेल, सरळ सांगा हो. आणि ‘आशियाई संस्कृती’ नावाचा जो डबा ट्रेनिंगमध्ये असतो, ज्यात जपान, कोरिया, थायलंड आणि सोयीनुसार आपणही असतो, तो तर फेकूनच द्यावा. रिंगी, उकेओई, मिओकुरु हे त्या एका देशातल्या ऑफिसांचे भाग आहेत. दुसरीकडे नकार आडून देतात तेव्हा तिथलेही असेच नेमके भाग असणार, ते तिथेच शिकावे लागतील.

नकार पोचला की नाही हे त्यांच्या उत्तरावरून कळतं. आमच्या मेलला दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळींचं उत्तर आलं. कळलं, वाईट वाटलं, लवकर सांगितल्याबद्दल आभार, आणि मार्चच्या टेस्टिंगचं वेळापत्रक सोबत जोडलंय. शेवटची ओळ खरी पावती असते. चालू कामाचा विषय परत टेबलावर आला म्हणजे नकार घरात नीट पोचला. पण उत्तरात ‘हिकित्सुझुकि गो-केन्तो’ असं काही दिसलं, म्हणजे ‘आपला विचार चालू ठेवावा’, तर त्यांनी तुमचा मेल ‘कदाचित’ म्हणून वाचलाय. त्याला आणखी एक मेल हे उत्तर नाही. त्याच दिवशी, त्यांच्या रिंगीच्या आधी, फोन उचलायचा.